कागदापासून कास्टिंगपर्यंत – भाग ७ : नंबर भागाला, अक्षर बदलाला

पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळघरं आहेत, वारणानगरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि ओतकामासाठी शिरोलीच्या फाउंड्र्या फार लांब नाहीत. तेव्हा उदाहरण इथलंच घेऊ. चौघे डिझायनर मिळून तीन लाटांचा चरक सॉलिडवर्क्समध्ये उभा करताहेत असं समजा. सांगाडा एकाकडे, लाटा दुसऱ्याकडे, गिअर तिसऱ्याकडे आणि पुलीचा शाफ्ट चौथ्याकडे.

थोड्याच दिवसांत सामायिक फोल्डरमध्ये `housing_final.SLDPRT` आणि `housing_final2.SLDPRT` शेजारी शेजारी दिसू लागतात. यातलं चरकात नेमकं कोणतं बसलंय? असेंब्लीच्या फाइलमध्ये सुटे भाग नसतातच, त्यांचे पत्ते असतात. असेंब्ली उघडी असताना भाग ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने ठेवला, तर असेंब्ली सहसा नवा पत्ता धरते. बंद असताना तेच केलं, तर ती जुन्याच फाइलला चिकटून राहते. म्हणजे हाउसिंग बदललं की नाही, हे त्या दिवशी कोणती खिडकी उघडी होती त्यावर ठरलं! म्हणून कामाच्या फाइलच्या नावात फक्त नंबर ठेवायचा, आणि तो कधीच बदलायचा नाही.

नंबर मुका असावा: `CH-0042`, पुढचा `CH-0043`. त्यात माप, धातू किंवा डिझायनरची आद्याक्षरं कोंबण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण पन्नासचा शाफ्ट उद्या पंचावन्नचा झाला की तो नंबर खोटं बोलू लागतो. भागाची माहिती एका सामायिक तक्त्यात लिहावी. आधी तिथे ओळ भरायची, मग फाइल काढायची. उलट क्रमाने गेलं की एकच नंबर दोघांच्या वाट्याला येतो.

फोल्डर तीन पुरतात.

```
CHARAK/
  01_KAAM/     CH-0042.SLDPRT
  02_MANJUR/   CH-0042_A.pdf
  03_JUNE/     CH-0042_A.zip
```

पहिल्यात रोजचं काम. दुसऱ्यात वर्कशॉपला द्यायची रेखाटनं. बदलाचं अक्षर इथे येतं, आणि इथे लिहिण्याचा हक्क एकाच माणसाकडे. मंजुरीच्या दिवशी ‘पॅक अँड गो’ने मॉडेलची झिप करून तिसऱ्यात टाकायची. झिपच का? सॉलिडवर्क्समध्ये एका नावाची एक फाइल उघडी असेल, तर असेंब्ली त्याच नावाच्या दुसऱ्या फाइलऐवजी उघडी असलेलीच उचलू शकते. जुनी प्रत मोकळी पडली असेल, तर ती चुपचाप नव्या चरकात शिरते.

आता खरा प्रश्न: अक्षर कधी बदलायचं आणि नंबर कधी? `CH-0042` हे पुलीच्या शाफ्टचं बेअरिंग हाउसिंग, बोअर ९० मिलिमीटर, ६२१० बेअरिंगसाठी. त्याला ग्रीस निपलचं भोक वाढवलं, तर ते जुन्या यंत्रातही तसंच बसतं. म्हणून नंबर तोच, A चं B. पण शाफ्ट ५० चा ५५ केला, तर बेअरिंग ६२११ लागतं आणि बोअर १०० होतो. हे हाउसिंग जुन्याच्या जागी बसणार नाही. म्हणून त्याला नवा नंबर, `CH-0067`, शाफ्टलाही नवा.

हा बदल वर कुठवर चढतो, तिथेच बहुतेक जण गोंधळतात. शाफ्ट, दोन बेअरिंग आणि दोन हाउसिंग मिळून `CH-0040` ही उपअसेंब्ली आहे. हाउसिंगच्या पायाची भोकं, मध्याची उंची आणि पुली बसते तिथला व्यास आपण तोच ठेवला, तर जुना जोड काढून नवा अख्खा जोड तिथे बसवता येतो. मग `CH-0040` ला फक्त नवं अक्षर मिळतं आणि बदल तिथेच थांबतो; सांगाड्याच्या फाइलला हात लावायचं कारण नाही. मध्याची उंची पाच मिलिमीटरने जरी हलली असती, तरी तो पार सांगाड्यापर्यंत गेला असता.

फाउंड्रीसाठी आणखी एक नंबर लागतो: कच्च्या कास्टिंगचा. कोअर ८२ चा असेल आणि बाहेरचा व्यास १३०, तर १०० चा बोअर काढूनही भिंत १५ मिलिमीटर उरते. म्हणजे `CH-0041` या एकाच कास्टिंगमधून दोन्ही हाउसिंग निघतात, पॅटर्न नवा करावा लागत नाही. कास्टिंगला वेगळा नंबरच नसता, तर बोअर बदलला म्हणून कोणीतरी नवा पॅटर्न सांगून मोकळा झाला असता.

ऑफिसच्या नेटवर्कवर एकाने भाग उघडला की शेजारी `~$CH-0042.SLDPRT` अशी छोटी फाइल उमटते आणि दुसऱ्याला तो भाग फक्त वाचायला मिळतो. इंटरनेटवरून जुळणाऱ्या फोल्डरमध्ये या कुलपावर विसंबू नये. तिथे प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र प्रत असते. दोघांनी सेव्ह केलं तर एकाचं काम पुसलं जातं किंवा विचित्र नावाने बाजूला पडतं, आणि असेंब्लीला त्याचा पत्ताच नसतो. चौघांत असेल तर तक्त्यात ‘कोणाकडे’ असा एक रकाना वाढवून भागतं. माणसं दहाच्या वर गेली की तो रकाना भरायचं लोक विसरतात, आणि मग नोंद आपोआप ठेवणारी पीडीएम प्रणाली घ्यावी लागते.