वाचक कुठे अडतो?

ट्रेकिंगवर लिहिणाऱ्या एखाद्या छोट्या ब्लॉगची कल्पना करा. त्यावर हरिश्चंद्रगडाचा एक लेख आहे. महिन्याभरात तो दोनशे जणांनी मोबाइलवर उघडला, एवढे नेहमीची आकडेवारी सांगते. पण त्यातले किती जण खिरेश्वरच्या वाटेपर्यंत पोहोचले आणि किती जण गडाच्या इतिहासातच गळाले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते कळण्यासाठी हीटमॅप आणि सेशन रेकॉर्डिंग ही दोन साधने आहेत.

मायक्रोसॉफ्टचे ‘क्लॅरिटी’ ही दोन्ही साधने फुकट देते. २०२० साली ते सर्वांसाठी खुले झाले. नाव नोंदवले की कोडचा एक छोटा तुकडा मिळतो. तो साइटच्या पानांत टाकायचा. वर्डप्रेस असेल तर प्लगइनने काम भागते. क्लिक हीटमॅपमध्ये लोकांनी जिथे जास्त बोटे टेकवली ती जागा लाल दिसते. स्क्रोल हीटमॅप पान कुठपर्यंत किती टक्के लोकांनी खाली सरकवले ते दाखवतो. मोबाइल आणि संगणकाचे नकाशे वेगवेगळे पाहायचे, कारण एकच पान दोन्हीकडे वेगळे मांडलेले असते.

आता आपला लेख पाहू. समजा, स्क्रोल नकाशात पहिल्या दोन परिच्छेदांपर्यंत ऐंशी टक्के वाचक टिकलेले दिसतात. मग कोकणकड्याचा एक भलामोठा फोटो येतो आणि त्याच्याखाली हा आकडा एकदम चाळीसवर येतो. इतिहास कंटाळवाणा झाला, असा निष्कर्ष इथे पटकन निघतो. पण नकाशा फक्त जागा दाखवतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला रेकॉर्डिंग उघडावे लागते.

रेकॉर्डिंग म्हणजे वाचकाच्या पडद्याचे चित्रीकरण नव्हे. पान कसे बदलले, बोट कुठे टेकले, किती सरकवले याच्या नोंदी जोडून साधन ते दृश्य पुन्हा उभे करते. कॅमेऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. अशी पंधरा-वीस रेकॉर्डिंग वेग वाढवून पाहायला फार वेळ लागत नाही. आपल्या उदाहरणात त्यांतून दोन गोष्टी दिसतात. फोटो मोबाइलचा अख्खा पडदा व्यापतो आणि त्याखाली मोकळी पांढरी जागा आहे. वाचक तिथवर येतो, क्षणभर थांबतो आणि लेख संपला असे समजून मागे फिरतो. जे पुढे जातात, ते वाटेच्या नकाशावर दोन-तीनदा बोट टेकवतात. नकाशा हे नुसते चित्र असल्यामुळे काहीच घडत नाही. क्लॅरिटी अशा निष्फळ स्पर्शांना ‘डेड क्लिक’ म्हणते, तर एकाच जागी भराभर पडणाऱ्या टिचक्यांना ‘रेज क्लिक’.

दुरुस्ती साधी आहे. फोटोची उंची कमी करायची, म्हणजे पुढच्या मजकुराची पहिली ओळ पडद्यावर डोकावेल. नकाशाला खऱ्या गूगल मॅपची लिंक द्यायची. खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरकडे कसे जायचे, ही माहिती इतिहासाच्या आधी आणायची. बदल एका वेळी एकच करावा आणि तेवढ्याच काळाचा नवा नकाशा जुन्याशी ताडून पाहावा. तिन्ही एकदम केले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

छोट्या साइटवर फसगतही लवकर होते. वीस जणांत एक माणूस म्हणजे पाच टक्के, त्यामुळे एका वाचकाच्या चमत्कारिक वागण्यावरून लेख बदलू नये. तीच अडचण पाच-सहा जणांना आली तर ती खरी समजावी. ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्यांचे स्पर्शही डेड क्लिकमध्ये मोजले जाऊ शकतात. स्क्रोल नकाशातला लाल पट्टा म्हणजे लोक तिथवर पोहोचले एवढेच. त्यांनी ते वाचले याची खात्री त्यातून मिळत नाही. अर्ध्यावर थांबलेला प्रत्येक जण गोंधळलेलाच असतो असेही नाही. ज्याला फक्त फाट्याचे नाव हवे होते, तो ते मिळताच समाधानाने निघून जातो. शिवाय लेखकाच्या स्वतःच्या भेटी सेटिंगमध्ये आयपी पत्ता देऊन वगळाव्यात, नाहीतर सर्वांत चिकाटीचा वाचक तोच निघतो.

यात वाचकाच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे. क्लॅरिटी रकान्यांत टाइप केलेला मजकूर मुळातच झाकते, आणि ‘स्ट्रिक्ट’ पर्याय निवडला की पानावरचा सगळा मजकूर झाकला जातो. तरीही अशी नोंद होते हे साइटच्या गोपनीयता धोरणात स्पष्ट लिहावे आणि वाचकाची संमती घ्यावी. युरोपातून वाचक येत असतील तर संमतीचे नियम अधिक कडक आहेत.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी सगळी साइट एकदम तपासायला घेऊ नये. सर्वांत जास्त वाचला जाणारा एक लेख निवडावा, त्याचा मोबाइलवरचा स्क्रोल नकाशा उघडावा आणि आकडा जिथे अचानक घसरतो तिथली रेकॉर्डिंग आधी पाहावीत.