हवामान आणि वास्तू : लेखांक सातवा – सरकता सुखपट्टा

मागील लेखांकात वारा खिडकीतून आत कसा शिरतो आणि समोरच्या झरोक्यातून बाहेर कसा पडतो, याचा विचार आपण केला. त्यातून साहजिकच पुढचा प्रश्न उपस्थित होतो, तो असा की, ज्या इमारतीत शीतयंत्र नाही, जिचा सारा भार उघड्या खिडक्यांवर आणि छताच्या पंख्यांवर आहे, तिच्यातील खोली किती तापली म्हणजे ती बसण्यास अयोग्य ठरवावी? एखाद्या कचेरीतील कारकुनांनी उकाड्याची तक्रार केली, तर ती रास्त आहे की नाही हे ठरविण्यासाठी काही एक मोजमाप हवे. आणि ते मोजमाप पौषात आणि वैशाखात एकच असावे काय, हाच या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा होय.

डेन्मार्कचे संशोधक ओले फांगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील बंदिस्त कक्षाच्या आधारे दिले होते. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे प्रारण, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरील वस्त्रे आणि शरीराचे श्रम या सहा गोष्टी ठरल्या, की माणसाला ऊन वाटेल की गार, हे गणिताने सांगता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि शीतयंत्रांनी बंदिस्त केलेल्या इमारतींपुरते ते पुष्कळ अंशी खरेही ठरले. परंतु मायकेल हम्फ्रीज यांनी देशोदेशीच्या प्रत्यक्ष इमारतींतील पाहण्या एकत्र करून १९७८ साली दाखवून दिले की, जेथे कृत्रिम तापन वा शीतन चालू नसते तेथील माणसांना सुखावह वाटणारे तापमान बाहेरच्या ऋतुमानाबरोबर वरखाली सरकत असते. पुढे रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये मोठ्या सामग्रीच्या आधारे हाच निष्कर्ष पक्का केला. माणूस कपडे बदलतो, खिडकी उघडतो, पंख्याखाली सरकून बसतो. त्याखेरीज, आज काय सोसावे लागणार याविषयीची त्याची अपेक्षाही गेल्या काही दिवसांच्या अनुभवातून घडलेली असते. या सर्वांचा एकत्रित परिणाम ध्यानी घेणाऱ्या पद्धतीस अनुकूलनशील सुखप्रतिमान म्हणतात.

आता ‘गेल्या काही दिवसांचा अनुभव’ ही गोष्ट आकड्यात कशी मांडावयाची? केवळ आजचे बाहेरचे तापमान घेऊन भागत नाही, कारण एका दिवसात माणूस बदलत नाही. आणि महिन्याची पंचांगी सरासरी घेतली, तर अवचित आलेली उष्णतेची लाट तीत दिसतच नाही. म्हणून युरोपीय मानकाने चल सरासरीचा मार्ग पत्करला आहे. तीत कालच्या दिवसाला सर्वांत अधिक वजन, परवाच्या दिवसाला त्याच्या आठ-दशांश, त्याआधीच्या दिवसाला पुन्हा त्याच्या आठ-दशांश, अशा उतरत्या क्रमाने मागील दिवसांचा हिशेब होतो. व्यवहारात एवढा खटाटोप करावा लागत नाही. दुकानदार जशी मागील बाकी पुढे ओढून तीत आजची रक्कम मिळवितो, तशी कालची चल सरासरी ०.८ ने गुणावी, कालच्या दिवसाचे सरासरी तापमान ०.२ ने गुणावे आणि दोहोंची बेरीज करावी, म्हणजे आजची चल सरासरी हाती येते.

समजा, जूनच्या प्रारंभी लंडनमध्ये ही चल सरासरी १५ अंशांवर स्थिर आहे आणि अकस्मात दैनिक सरासरी २५ अंशांची लाट आली. पहिल्या उष्ण दिवसानंतर चल सरासरी १७ होते, दुसऱ्यानंतर १८.६, तिसऱ्यानंतर सुमारे १९.९ आणि पाचव्यानंतर २१.७. बाहेर एकदम दहा अंशांची उडी पडली, तरी चल सरासरीला तिचा दोन-तृतीयांश भाग गाठण्यास पाच दिवस लागले. युरोपीय सूत्राप्रमाणे सुखतापमान म्हणजे या सरासरीची ०.३३ पट अधिक १८.८, म्हणून ते लाटेपूर्वी २३.८ अंश असते आणि पाच दिवसांनी २६ अंशांच्या घरात पोहोचते. लाटेचे पहिले दोन दिवस लोकांना सर्वाधिक असह्य का वाटतात आणि तितकेच ऊन पाचव्या-सहाव्या दिवशी थोडे निभावून का जाते, याचा उलगडा या आकड्यांतून होतो. सुखतापमानाच्या खाली-वर जी मुभा द्यावयाची, तिला सुखपट्टा म्हणू. २००७ च्या युरोपीय मानकात सामान्य नव्या इमारतीसाठी ही मुभा दोन्ही बाजूंस तीन अंशांची होती.

हे सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे आणणे मात्र युक्त नव्हे, कारण ज्या माणसांना विचारून ते बांधले गेले ती माणसे निराळ्या हवेत वाढलेली होती. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी रिचर्ड डी डिअर आदींच्या सहकार्याने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतील सोळा कार्यालयीन इमारतींत तीन ऋतूंत पाहणी केली आणि ६,३३० जबाब गोळा केले. त्यांतून नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी जे भारतीय सूत्र निघाले, त्याला २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्थान मिळाले आहे. ते असे:

सुखतापमान = ०.५४ × बाहेरच्या तापमानाची चल सरासरी + १२.८३

येथे चल सरासरी मागील तीस दिवसांची धरतात, आणि शंभरातील नव्वद माणसांना मान्य होईल असा पट्टा सुखतापमानाच्या खाली-वर २.३८ अंशांचा असतो. युरोपीय गुणक ०.३३ आणि आपला ०.५४; याचा अर्थ बाहेर एक अंश वाढला, की आपल्या माणसाचे सुखतापमान अर्ध्या अंशाहून अधिक सरकते. उघड्या खिडकीशी आणि पंख्याशी ज्याचा नित्याचा परिचय आहे, त्याच्या सहनशीलतेचा हा आकडी दाखला होय.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. डिसेंबरात चल सरासरी २१ अंशांच्या आसपास धरली, तर सुखतापमान २४.२ येते आणि पट्टा २१.८ पासून २६.५ पर्यंत पडतो. एप्रिलच्या अखेरीस, दुपारी ३८ आणि पहाटे २०-२१ अंश असताना, सरासरी २९ धरू. मग सुखतापमान २८.५ आणि पट्टा २६.१ ते ३०.९. म्हणजे २७ अंशांची तीच खोली मार्गशीर्षात उबट म्हणून तक्रारीस पात्र ठरते, आणि चैत्र-वैशाखात तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढणार नाही.

आता याच एप्रिलात सपाट काँक्रीट छपराखालच्या, वरच्या मजल्यावरील एका कचेरीची तपासणी करावयाची आहे असे धरू. दुपारी साडेतीन वाजता भिंतीवरील तापमापक ३१ अंश दाखवितो. पट्ट्याची वरची मर्यादा ३०.९, फरक जेमतेम एक-दशांश अंशाचा, म्हणून तपासनीस ‘सर्व काही ठीक’ असा शेरा मारून मोकळा होतो. पण सूत्रातील तापमान निव्वळ हवेचे नव्हे. ते हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग या दोहोंचे मिळून होणारे परिणामी तापमान आहे, आणि वारा मंद असताना ते दोहोंच्या मध्यावर येते. दिवसभर तापलेल्या छपराच्या खालच्या अंगातून डोक्यावर जे प्रारण पडते ते जमेस धरून भोवतालचे सरासरी प्रारण-तापमान ३४ भरले, तर परिणामी तापमान ३२.५ होते, खोली पट्ट्याच्या बाहेर दीड अंशाहून अधिक गेलेली असते आणि कारकुनांची तक्रार अक्षरशः रास्त ठरते. तळमजल्यावरील खोलीत हवा ३० आणि भिंती, छत २९.५ असतील, तर तेथे तीच दुपार पट्ट्याच्या आत राहते. मोजणीसाठी भारी उपकरण लागते असेही नाही: टेबल टेनिसच्या चेंडूला काळा, चकाकी नसलेला रंग द्यावा, तापमापकाचा फुगा त्याच्या मध्यभागी बसवावा, तो माणसाच्या बैठकीच्या उंचीवर, उन्हापासून दूर टांगावा आणि वीस मिनिटांनी वाचावा, मंद वाऱ्यात तो परिणामी तापमानाच्या बराच जवळ जातो.

या हिशेबात चुका होतात त्या बहुधा ठरावीक ठिकाणी. कित्येकजण दैनिक सरासरीऐवजी कमाल तापमानच सूत्रात घालतात. त्यामुळे पट्टा चारपाच अंश वर सरकतो आणि भट्टीसारखी खोलीही कागदावर सुखावह ठरते. दुसरी चूक पंख्याची. भारतीय पाहणीतील पुष्कळ माणसे पंख्याखाली बसूनच जबाब देत होती, म्हणून या पट्ट्याच्या वर पंख्याचे एक-दोन अंश पुन्हा जोडणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा धरणे होय. तिसरी आणि सर्वांत घातक चूक मर्यादेबाहेर जाण्याची. भारतीय सूत्र चल सरासरी १२.५ ते ३१ अंशांच्या दरम्यान असतानाच लागू पडते. नागपुरात मे महिन्यात ती ३५ च्या आसपास जाते. तेथे सूत्र आंधळेपणाने चालविले, तर ३४ अंशांची खोलीही सुखावह असल्याचा निर्वाळा मिळेल. परंतु तो निर्वाळा माणसांचा नव्हे. नुसत्या रेषेला पुढे ओढल्याने आलेला तो आकडा आहे. अशा वेळी सुखाची भाषा सोडून प्रकृतीस अपाय होण्याचा विचार करावा लागतो, आणि कूलर वा अन्य उपायांचा प्रश्न उभा राहतो.

शिवाय, हे सारे ज्या गृहीतावर उभे आहे ते हे की, खोलीतील माणसाला काही अधिकार आहे. ज्या कचेरीत खिडक्यांसमोर कपाटांच्या ओळी लावून त्या कायमच्या बंद केल्या आहेत, पंख्याची कळ दुसऱ्याच विभागाच्या ताब्यात आहे, किंवा भर वैशाखातही बूट व गळपट्टा सक्तीचा आहे, तेथे अनुकूलनच शिल्लक उरत नाही. आणि तेथे हा पट्टा लावून तक्रार फेटाळणे हा शुद्ध अन्याय होय.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, आपल्या कचेरीविषयी वाद घालण्यापूर्वी एक महिनाभर वेधशाळेचे रोजचे कमाल आणि किमान तापमान वहीत टिपावे, त्यांच्या मध्याची सरासरी काढून पट्टा आखावा, आणि काळ्या चेंडूचे वाचन त्याशेजारी मांडावे. वाचन वारंवार वरच्या रेषेपलीकडे जात असेल आणि हवेचा तापमापक मात्र पट्ट्याच्या आत राहत असेल, तर दोष खिडकीचा नसून छपराचा आहे, असे समजावे. छपराचा ताप कसा उतरवावा, हा पुढील लेखांकाचा विषय.