‘छान आहे, फक्त जरा…’

तिसऱ्या ड्राफ्टमध्येही पाच रंग होते. काम होतं २०० ग्रॅम पापडाच्या पाकिटाचं. ब्रीफमध्ये लिहिलं होतं: छपाई दोनच रंगांत, मराठी नाव सर्वांत मोठं, आणि किराणा दुकानात टांगलेलं पाकीट गिऱ्हाइकाला काउंटरपासून वाचता यावं. आमच्या नव्या डिझायनर मुलीने इंग्रजी नाव मोठं केलं होतं, मराठी नाव कोपऱ्यात ढकललं होतं आणि मागे केशरीतून पिवळ्यात विरत जाणारी छटा दिली होती. छटा देखणी होती, हेही खरं.

आधीच्या दोन्ही वेळी मी तिला लिहिलं होतं, ‘छान आहे, फक्त जरा ब्रीफ बघून घे.’ तिने त्यातलं ‘छान आहे’ तेवढं वाचलं. ‘फक्त’ आणि ‘जरा’ हे शब्द मी माझ्या भिडेपोटी घातले होते आणि त्यांनीच मुद्दा बोथट केला.

या वेळी ब्रीफची छापील प्रत ड्राफ्टशेजारी ठेवून ओळीओळीला पेन्सिलने खुणा केल्या. मग ग्रुपवर न टाकता तिला एकटीला लिहिलं:

‘हा ड्राफ्ट क्लायंटला पाठवता येणार नाही. ब्रीफमधल्या तीनही अटी सुटल्या आहेत आणि असं तिसऱ्यांदा होतंय. रंग दोनच हवेत, कारण फ्लेक्सो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि तो खर्च छोट्या उद्योगाला पेलत नाही. शिवाय तुझी छटा तिथे फिकट टोकाला अचानक तुटेल, मध्येच रेघ दिसेल. पापडाच्या गोलाची मांडणी मात्र ठेव, ती लांबूनही ओळखू येते. पुढचं काम सुरू करण्याआधी ब्रीफ तुझ्या शब्दांत पाच ओळींत लिहून पाठव. उद्या अकराला त्यावर बोलू. त्यानंतर फक्त काळ्या-पांढऱ्यात, पाकिटाच्या खऱ्या मापाचं एक स्केच.’

पाठवण्याआधी दोन वाक्यं खोडली. एक होतं ‘तू लक्ष देत नाहीस’. ते मला कागदावर दिसत नव्हतं, तो माझा अंदाज होता. कागदावर दिसत होते ते पाच रंग. दुसरं ‘वाईट वाटून घेऊ नकोस’. वाईट वाटणारच, आणि ते वाटू नये अशी सूचना करणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं.

संध्याकाळी तिच्या पाच ओळी आल्या. चौथी ओळ अशी: ‘ब्रँड तरुण दिसायला हवा, म्हणून इंग्रजी नाव ठळक आणि रंग भरपूर.’ मी ब्रीफ पुन्हा उघडलं. अटींच्याही वर, पहिल्याच परिच्छेदात माझं वाक्य होतं: ‘लूक तरुण आणि फ्रेश हवा.’ तरुण म्हणजे काय, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. तिने तो शब्द धरला आणि खालच्या अटी त्याला आड येतात म्हणून सोडल्या.

तिला उत्तर लिहिलं, ‘ते वाक्य माझं आहे, संदिग्ध आहे, मी काढतोय. अटी मात्र तशाच राहतील. पुढे दोन ओळी एकमेकींशी भांडताना दिसल्या, तर काम सुरू करण्याआधी मला विचार.’

सकाळी अकराला ती स्केच घेऊनच आली. खाली पेन्सिलने एक प्रश्न होता: ‘हिरवा शाकाहारी ठिपका दोन रंगांतलाच एक धरायचा का?’