कर्ज फिटलं, पण बोजा उतरला का?

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता खात्यातून गेला की कर्ज संपलं, असं आपण धरून चालतो. बँकेच्या दप्तरी मात्र कर्जखातं बंद होतं ते बाकी शून्य झाल्यावरच. मधल्या वर्षांत व्याजदर बदललेला असतो, कधी हप्ता परत गेल्याचा दंड चढलेला असतो. त्यामुळे हप्ते संपले तरी खात्यावर दोन-चारशे रुपये उरतात, आणि ते भरेपर्यंत कागदपत्रं परत देण्याची बँकेवरची मुदत सुरूच होत नाही. म्हणून शेवटचे एक-दोन हप्ते उरले असतानाच शाखेत अर्ज देऊन फोरक्लोजर स्टेटमेंट मागावं. कोणत्या तारखेला किती भरायचं आणि उशीर झाला तर रोजचं व्याज किती वाढेल, हे त्यात लिहिलेलं असतं. ती रक्कम भरली की खातं बंद झाल्याचं पत्र तारखेसह घ्यावं. पुढचा सगळा हिशेब या तारखेवर चालतो.

हिशेब चालतो तो रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकामुळे. 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेला हा नियम सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांना तर आहेच, गृहवित्त कंपन्यांनाही आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांच्या आत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कोणत्याही नोंदणी दप्तरात बोजा चढवला असेल तर तोही काढायचा. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. कागद घ्यायला कर्ज ज्या शाखेत होतं तिथे जायचं, की कागद ठेवलेत त्या कार्यालयात, हेही कर्जदाराने ठरवायचं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला एका जोडप्याने जुन्या सोसायटीतला फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला होता. 10 जूनला त्यांची बाकी शून्य झाली. 30 दिवस 10 जुलैला पुरे होतात. शाखेतून दर खेपेला एकच उत्तर मिळालं, की कागद मध्यवर्ती गोदामातून मागवले आहेत. शेवटी ते 4 ऑगस्टला हातात पडले, म्हणजे 25 दिवस उशिरा. गोदामातून कागद वेळेवर आणणं हे बँकेचंच काम, तेव्हा भरपाई होते 1,25,000 रुपये. ती आपोआप खात्यात येईल अशी वाट बघत बसू नये. 11 जुलैलाच शाखेला लेखी पत्र द्यावं, त्यात खातं बंद झाल्याची तारीख आणि नियमाचा उल्लेख करावा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. उशिराचं कारण कर्जदाराला कळवणं हेही बँकेवर बंधनकारक आहे. तोंडी चौकश्यांची नोंद कुठेच राहत नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली की याच कागदाचा आधार लागतो.

कागद मिळाले म्हणून लगेच पोचपावतीवर सही करू नये, हे मला सगळ्यांत कळकळीने सांगावंसं वाटतं. कर्ज घेताना कागद जमा केले तेव्हा बँकेने त्यांची यादी करून दिलेली असते. शाखेत तिला लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स किंवा नुसतं एलओडी म्हणतात. ती घरी सापडत नसेल तर बँकेकडून आधी मागून घ्यावी आणि टेबलावर बसून एकेक कागद तिच्याशी ताडून बघावा. कोथरूडच्या या फ्लॅटचे आधी दोन मालक होऊन गेले. म्हणजे बिल्डर आणि पहिला मालक यांचा करारनामा, पहिला आणि दुसरा मालक यांचा करारनामा, आणि या जोडप्याचा स्वतःचा, असे तीन मूळ करारनामे असायला हवेत. प्रत्येकासोबत नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक 2 हवी, शिवाय सोसायटीचं भागपत्र. भागपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात, तीही बाजू बघावी. हटकून गहाळ होतो तो मधल्या मालकाचा करारनामा. रोजच्या जगण्यात त्याची आठवणही होत नाही, पण फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराची बँक पहिल्यांदा तोच मागते. मूळ प्रत, की झेरॉक्स, हे दुय्यम निबंधकाचे शिक्के आणि सह्यांची शाई उजेडात धरून पारखावं. काही कमी असेल तर पोचपावतीवरच तसं लिहून मग सही करावी.

कागद बँकेकडूनच हरवला असेल तर दुसरी किंवा प्रमाणित प्रत मिळवून देण्यात मदत करणं आणि तिचा खर्च सोसणं ही बँकेची जबाबदारी आहे. त्यासाठी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, म्हणजे आपल्या उदाहरणात 9 ऑगस्टपर्यंत, आणि रोजची भरपाई त्यानंतर सुरू होते. कागद हरवला आहे, असं बँकेकडून तिच्या लेटरहेडवर लिहून घ्यावं. पोलिसांत नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना यांच्यासाठी ते पत्र लागतं, आणि हा कागद तुम्ही दुसरीकडे गहाण टाकलेला नाही, हे पुढच्या खरेदीदाराला त्यावरून पटतं.

कागद घरी आले तरी बोजा उतरलेला असेलच असं नाही, कारण त्याची नोंद वेगळ्या दप्तरांत असते. पहिलं दप्तर सेरसाई, म्हणजे गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही. तिथली नोंद फक्त बँकच काढू शकते. पण cersai.org.in या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. कागद मिळाल्यावर काही दिवसांनी तो घ्यावा, आणि नोंद अजून चालू दिसली तर त्याची छापील प्रत जोडून बँकेला पत्र द्यावं.

दुसरं दप्तर दुय्यम निबंधकाचं. महाराष्ट्रात 2013 पासून कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन तिथे दाखल करावी लागते. बँकेच्या पत्रात नुसतं ‘कर्ज फिटले’ एवढंच असलं तर ते अपुरं. त्या नोटिशीचा क्रमांक, तारीख आणि मिळकतीचं वर्णन लिहून बँकेचा हक्क संपल्याचं त्यात स्पष्ट म्हटलेलं हवं. गहाणखतच नोंदवलेलं असेल तर मात्र पत्रावर भागत नाही, रिकन्व्हेयन्स डीड करून तेही नोंदवावं लागतं.

सोसायटीने आपल्या दप्तरात बँकेचा बोजा लिहून ठेवलेला असतो. बँकेच्या पत्राची प्रत देऊन तो कमी करून घ्यावा आणि सचिवांची पोच घ्यावी. घर गावाकडे किंवा स्वतंत्र जमिनीवर असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं नाव असतं. ते कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून करता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघावा. शहरात मिळकत पत्रिका असेल तर तेच काम नगर भूमापन कार्यालयात होतं.

एक अडचण मात्र नियमाबाहेरची आहे. त्याच घरावर टॉप-अप कर्ज घेतलेलं असलं तर त्याचं खातं वेगळं असतं. मूळ कर्ज फिटलं तरी टॉप-अपची बाकी संपेपर्यंत बँक कागद सोडत नाही, आणि ते तिच्या हक्कातच आहे. म्हणून फोरक्लोजर स्टेटमेंट मागताना त्या मिळकतीवरच्या सगळ्या खात्यांचं मागावं.

बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. सोबत तीन कागद जोडावेत: खातं बंद झाल्याचं तारखेसह पत्र, बँकेला दिलेल्या अर्जाची पोच आणि कागदपत्रांची यादी.