मोबाईल टेकवून पैसे देताना कार्डाचा खरा नंबर दुकानात जातो का? टोकन समजून घ्या, आणि त्याचा ओटीपी जपा

समजा, तुम्ही बार्शीच्या बाजारात कृषी सेवा केंद्रातून बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला. बिल झालं २,८५० रुपये. क्यूआरवर पैसे जाईनात, रेंज गोल गोल फिरतेय. डेबिट कार्ड घरी कपाटात. पण तेच कार्ड मोबाईलच्या वॉलेटमध्ये घालून ठेवलेलं आहे. दुकानदारानं स्वाइप मशीनवर रक्कम टाकली, तुम्ही मोबाईलचं लॉक उघडून तो मशीनला टेकवला, बीप वाजलं, पावती बाहेर आली.

आता ती पावती नीट बघा. तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे ४४१७ आहेत आणि पावतीवर छापलेत ९०६२. अनेकजण इथंच दचकतात. दुसऱ्याच्या खात्यातून गेले की काय? तसं काही नाही. पैसे तुमच्याच खात्यातून गेले आणि बँकेचा मेसेजही तुम्हालाच आला. दुकानात जो नंबर गेला तो तुमच्या कार्डाचा नव्हता, एवढंच. त्या दुसऱ्या नंबराला टोकन म्हणतात.

पंढरपूरला दर्शनाला जाताना आपण चप्पल स्टँडवर चपला ठेवतो आणि हातात एक बिल्ला घेतो. त्या बिल्ल्याला दुसऱ्या स्टँडवर काडीची किंमत नाही. टोकनचं काम साधारण असंच. फरक एक आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. चपलेचा बिल्ला हरवला तर ज्याला सापडेल तो चपला घेऊन जाऊ शकतो. कार्डाचं टोकन मात्र ज्या फोनसाठी तयार झालं त्या फोनवरूनच चालतं. नंबर कुणी वहीत उतरवून घेतला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

कार्ड घालायचं कसं

आधी फोनमध्ये एनएफसीची चिप आहे का ते बघा. सेटिंग्ज उघडा, वरच्या शोधायच्या चौकटीत NFC टाइप करा. काही आलंच नाही तर त्या फोनवर टॅप होणार नाही. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ही चिप नसते, आणि अ‍ॅप टाकून ती येत नाही. चिप असेल तर ते बटण चालू करा. फोनला पिन, पॅटर्न किंवा बोटाच्या ठशाचं लॉक हवंच. पुढे कधी लॉक काढून टाकलंत तर वॉलेटमधलं कार्डही निघून जातं, ते पुन्हा घालावं लागतं.

मग गुगल पे किंवा सॅमसंग वॉलेटसारख्या अ‍ॅपमध्ये कार्ड जोडायचा पर्याय निवडा. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही टाका, अटींना संमती द्या. बँकेत नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर ओटीपी येतो, तो टाकला की काम झालं. याला पैसे लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये टोकनला परवानगी दिली तेव्हाच ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही असं सांगितलेलं आहे. सगळ्याच बँकांची सगळी कार्डं सगळ्या अ‍ॅपमध्ये बसत नाहीत, विशेषतः सहकारी बँकेचं कार्ड असेल तर आधी शाखेत विचारा. अ‍ॅपनं कार्ड नाकारलं म्हणून वेगवेगळ्या अनोळखी अ‍ॅपमध्ये नंबर टाकून बघत बसू नका.

एक गैरसमज इथंच दूर करतो. या वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवायचे नसतात. पैसे तुमच्या बचत खात्यातच राहतात, वॉलेटमध्ये फक्त कार्डाची सोय असते. यूपीआयचा पिनही इथं लागत नाही, हे व्यवहार कार्डाच्या रस्त्यानं जातात.

टेकवल्यावर आत काय होतं

मशीनवर आडव्या लहरींसारखी चार वक्र रेघांची खूण असेल तर तिथं टॅप चालतं. फोन तीन-चार सेंटिमीटरच्या आत आणावा लागतो, लांबून काही होत नाही. म्हणून बाजारात गर्दीत कुणी शेजारून गेला आणि पैसे ओढून घेतले, ही भीती फार धरू नका. फोनचं लॉक उघडल्याशिवाय टॅप होणार नाही असं सेटिंगही बऱ्याच फोनमध्ये एनएफसीच्याच पानावर असतं, ते चालू ठेवा.

फोन टेकवला की मशीनला दोन गोष्टी मिळतात. एक टोकन, आणि दुसरा त्या एका व्यवहारापुरता तयार झालेला गुप्त कोड. हे दोन्ही दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे, जे कार्ड असेल त्यांच्याकडे जातात. टोकन कुणाच्या कार्डाचं आहे याची नोंद त्यांच्याकडच्या कुलूपबंद यादीत असते. तिथं कोड तपासला जातो, टोकनच्या जागी खरा नंबर येतो आणि तुमच्या बँकेला विचारणा होते. बँक हो म्हणाली की मशीन बीप करतं. हे सगळं दोन-चार सेकंदांत.

म्हणजे दुकानाच्या मशीनमध्ये, पावतीवर, दुकानदाराच्या हिशोबात तुमचा खरा नंबर कुठेच नसतो. उद्या तिथला सगळा डेटा चोरीला गेला, तरी चोराला मिळेल ते टोकन आणि एकदा वापरून झालेला कोड. पुढच्या व्यवहाराला नवीन कोड लागतो, आणि तो तुमचा फोनच तयार करू शकतो. प्लॅस्टिकचं कार्ड हातात दिलं की समोरचा दोन्ही बाजूंचा फोटो काढू शकतो. इथं कार्ड त्याच्या हातात जातच नाही.

पाच हजारांपर्यंतच्या टॅपला मशीनवर पिन लागत नाही. ही मर्यादा आधी दोन हजार होती, जानेवारी २०२१ पासून पाच हजार झाली. त्यावरच्या रकमेला मशीनवर कार्डाचा पिन टाकावा लागतो. आणि टॅप नाकारलं गेलं तर खात्यात पैसे नाहीत असंच समजू नका. नवीन कार्डावर कॉन्टॅक्टलेस व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन चालू करावे लागतात. रोजची मर्यादाही तिथंच ठरवता येते. रोज हजाराच्या वर खरेदी नसेल तर ती दोन हजारावर ठेवा, अडल्यावेळी वाढवता येते. बीप आलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा टेकवू नका, आधी बँकेचा मेसेज आणि मशीनचा पडदा बघा.

आता तोच पंप परत करायची वेळ आली असं धरू. दुकानदार पावती बघतो, ९०६२. तुम्ही घरून आणलेलं कार्ड दाखवता, ४४१७. तो म्हणतो, "दादा, हे कार्ड ते नाही." त्याचंही चूक नाही. अशा वेळी अ‍ॅपमध्ये ते कार्ड उघडा. कार्डाच्या तपशिलात टोकनचे, म्हणजे आभासी खात्याच्या नंबराचे, शेवटचे चार आकडे दिसतात. ते पावतीशी जुळवून दाखवा. पैसे परत करताना मशीननं कार्ड मागितलं तर तोच फोन टेकवा. म्हणून मोठ्या खरेदीची पावती लगेच फेकू नका.

टोकन जिथं हात टेकतं

इथपर्यंत सगळं छान वाटतं, पण खरा धोका दुकानात नाहीच. तो फोनवरच्या बोलण्यात आहे.

"तुमचं कार्ड आज बंद होणार, केवायसी करून देतो," असं म्हणत कुणी नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही विचारतो. मग तो तुमचं कार्ड त्याच्या स्वतःच्या फोनच्या वॉलेटमध्ये टाकतो. ओटीपी तुमच्या फोनवर येतो. या मेसेजमध्ये एक फसवी गोष्ट असते. नेहमीच्या ओटीपीत रक्कम लिहिलेली असते, अमुक दुकानाला इतके रुपये. कार्ड जोडायच्या ओटीपीत रक्कम नसते. माणसाला वाटतं, यात पैशाचा विषयच नाही, सांगायला काय हरकत?

हरकत मोठी आहे. रकमेचा ओटीपी एका व्यवहारापुरता असतो. हा ओटीपी दिला की चोराच्या फोनसाठी तुमच्या कार्डाचं वेगळं टोकन तयार होतं. पुढे तो कुठल्याही शहरात, कुठल्याही दुकानात फोन टेकवत राहील. पाच हजारांच्या आत असेल तर पिनही लागणार नाही, आणि नवा ओटीपीही येणार नाही. थांबवणारी एकच गोष्ट उरते, तुम्ही ठेवलेली रोजची मर्यादा. टोकन तुमचा नंबर दुकानदारापासून लपवतं, पण तुम्हीच ओटीपी सांगितलात तर चोराला त्याचं स्वतःचं टोकन काढून देता.

म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. त्यात add, token, device किंवा wallet असे शब्द असतील आणि तुम्ही त्या क्षणी स्वतः कार्ड जोडत नसाल, तर कुणीतरी दुसरा जोडतोय. कार्ड नव्या फोनवर जोडलं गेल्याचा मेसेज न जोडता आला, तरी तेच समजा.

अशा वेळी बरेच लोक आपल्या फोनमधलं अ‍ॅप काढून टाकतात. त्यानं काही होत नाही, चोराचं टोकन चोराच्या फोनमध्ये आहे. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन करून कार्डच ब्लॉक करा. मूळ कार्ड बंद झालं की त्याच्यावरची टोकनंही चालत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवा आणि बँकेकडून तक्रार क्रमांक मागून घ्या. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान सहसा आपल्याच माथी येतं. त्यामुळे लाजेपोटी सकाळपर्यंत थांबू नका.

तुमचाच फोन हरवला तर गोष्ट उलटी. बँकेला सांगून त्या फोनचं टोकन बंद करून घ्या, कपाटातलं कार्ड चालूच राहतं. सिमही लगेच बंद करा, कारण ओटीपी त्याच सिमवर येतात. आणि फोन विकायचा किंवा पुतण्याला द्यायचा असेल, तर आधी वॉलेटमधून कार्ड काढा आणि मगच फोन रीसेट करा.