चुकांवर वाढणारी झाडं

चार फ्लॅटची भाडी बघून पाचव्याचा अंदाज बांधायचा आहे, असं समजू. स्टेशनपासून लांबचा वन बीएचके 10 हजारांना जातो, स्टेशनजवळचा 16 हजारांना. टू बीएचके लांब असेल तर 20 हजार, जवळ असेल तर 34 हजार. आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत. प्रत्यक्षात अशी हजारो घरं आणि डझनावारी तपशील असतात.

ग्रेडियंट बूस्टिंगची सुरुवात अगदी आळशी असते. चारही भाड्यांची सरासरी 20 हजार, म्हणून सगळ्यांना तोच अंदाज. मग प्रत्येक घरामागे खऱ्या भाड्यातून अंदाज वजा करायचा. उरतात उणे 10, उणे 4, शून्य आणि अधिक 14. आता गंमत अशी की पहिल्या झाडाला भाडं शिकवायचंच नाही, ही उरलेली चूक शिकवायची.

झाड म्हणजे हो-नाही प्रश्नांची उतरंड. आपण एकाच प्रश्नाची मुभा देऊ. ‘टू बीएचके आहे का?’ असं विचारलं तर दोन गट पडतात. एकाची सरासरी चूक उणे 7, दुसऱ्याची अधिक 7. ‘स्टेशनजवळ आहे का?’ या प्रश्नाने उणे 5 आणि अधिक 5 असे गट पडतात, पण मागे जास्त चूक उरते. म्हणून झाड पहिला प्रश्न निवडतं. अंदाज होतात 13, 13, 27, 27 आणि उरलेल्या चुका उणे 3, अधिक 3, उणे 7, अधिक 7. या यादीकडे नीट पाहिलं तर स्टेशन स्वतःहून वर आलेलं दिसतं: लांबची घरं उण्यात, जवळची अधिकात. दुसरं झाड तेच पकडतं, लांबच्यांचे 5 हजार कमी करतं, जवळच्यांना 5 हजार वाढवतं.

आता उरतात अधिक 2, उणे 2, उणे 2, अधिक 2. इथे एकप्रश्नी झाड हतबल होतं. कुठलाही प्रश्न विचारा, दोन्ही गटांची सरासरी शून्यच येते. कारण उरलेली गोष्ट दोन प्रश्नांच्या सांध्यात आहे: स्टेशनजवळ असण्याची किंमत मोठ्या घराला जास्त मिळते. ती पकडायला झाड दोन पायऱ्या खोल लागतं. झाडाची खोली किती ठेवायची, हा प्रश्न इथून येतो. सहसा थोड्याच पायऱ्यांवर भागतं.

प्रत्यक्षात झाडाचा सल्ला पूर्ण ऐकत नाहीत. लर्निंग रेट 0.1 ठेवला, तर 7 हजारांऐवजी 700 रुपयेच सरकायचं आणि पुढचं झाड पुन्हा नव्याने चुका बघणार. त्यामुळे झाडं शेकड्यांनी लागतात. पण एका झाडाचा चुकीचा ग्रह सगळ्या अंदाजावर बसत नाही. रँडम फॉरेस्टमधली झाडं एकमेकांकडे न बघता वाढतात आणि शेवटी सरासरी काढतात. इथे मात्र मागच्याने काय सोडलं हे पाहिल्याशिवाय पुढचं झाड उभंच राहत नाही.

स्टॅनफर्डचे जेरोम फ्रीडमन यांनी 2001 मध्ये ही पद्धत व्यापक रूपात मांडली. नावातला ‘ग्रेडियंट’ त्यांच्या मांडणीतून आला. चुकीचा वर्ग मोजत असलो, तर ती कमी करण्याची दिशा म्हणजे वर केलेली वजाबाकीच. चूक मोजण्याची रीत बदलली की झाडाला दिलं जाणारं लक्ष्यही बदलतं. समजा कुणी 34 हजारांऐवजी 3 लाख 40 हजार टाइप केलं. वर्ग घेतला तर ते एकच घर सगळ्या झाडांना आपल्याकडे ओढतं. चुकीचं नुसतं अंतर मोजलं, तर लक्ष्यात फक्त ‘अंदाज कमी पडला’ की ‘जास्त झाला’ एवढंच उरतं आणि तो आकडा इतरांसारखाच एक होतो.

उरलेली प्रत्येक चूक शिकण्याजोगी नसते. एखाद्या मालकाने भाच्याला घर स्वस्तात दिलेलं असतं. झाडांना हे कळत नाही. पुरेशी झाडं लावली तर ती भाच्याचं भाडंही पाठ करतात. म्हणून काही घरं प्रशिक्षणातून बाजूला ठेवतात. शिकवलेल्या घरांवरची चूक झाडागणिक उतरतच राहते, बाजूच्या घरांवरची मात्र एका टप्प्यानंतर उतरायची थांबते आणि हळूहळू चढू लागते. तिथेच थांबायचं. शिकवलेल्या घरांवर अंदाज तंतोतंत जुळतोय म्हणून खूश होणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

एक मर्यादा मात्र झाडं वाढवून जात नाही. डेटा 2024 पर्यंतचा असेल, तर ‘2023 नंतरचं आहे का?’ या प्रश्नाला 2024 आणि 2027 एकच उत्तर देतात, दोघे एकाच कप्प्यात पडतात. भाडी दरवर्षी चढत असली तरी अंदाज 2024 वरच अडतो. त्यावर उपाय म्हणून जाणकार भाड्याऐवजी परिसराच्या त्या वर्षीच्या सरासरीशी असलेलं भाड्याचं प्रमाण झाडांना शिकवतात आणि सरासरीची चढण वेगळी मोजतात.