जन्मदाखल्याचा फोटो आणि प्रमाणित भाषांतर

परदेशातील सरकारी कामासाठी मराठी जन्मदाखल्याचे भाषांतर प्रमाणित असावे लागते, म्हणजे त्यातील शब्दान् शब्दाची जबाबदारी भाषांतरकाराने सही करून घेतलेली असावी लागते. घरातल्या कोणी मजकूर वाचून इंग्रजीत लिहून दिला, तर ते अनौपचारिक भाषांतर. दाखल्यात काय आहे, कोणती नोंद राहून गेली आहे, हे समजून घेण्यापुरते ते चांगले. दोन्हींची इंग्रजी सारखीच असू शकते. फरक आहे तो जबाबदारीचा.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम याबाबत स्पष्ट आहे. परभाषेतील प्रत्येक कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, ते पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने प्रमाणित करायला हवे, आणि आपण मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास सक्षम आहोत हेही लिहून द्यायला हवे. त्याखाली नाव, सही, पत्ता आणि तारीख येते. नोटरीची अट या नियमात नाही. नोटरी केलीच, तरी ती सहीची साक्ष देते, भाषांतराची नव्हे. अपोस्टिलही भाषांतराला लागू होत नाही. मूळ कागदावरील अधिकाऱ्याची सही आणि शिक्का खरा आहे, एवढेच ते सांगते. देशागणिक नियम मात्र बदलतात. कॅनडाला अर्जदाराने किंवा त्याच्या कुटुंबीयांनी केलेले भाषांतर चालत नाही. अमेरिकेच्या नियमात नातेवाइकांना मनाई नाही, पण ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे त्याने केलेल्या भाषांतरावर शंका येऊ शकते. म्हणून तिथेही त्रयस्थाची सही बरी.

समजा, सातारा जिल्ह्यातील एका गावात १९८४ साली जन्मलेली मुलगी आता अमेरिकेची नागरिक आहे आणि आईसाठी आय-१३० हा अर्ज भरते आहे. आई-मुलीच्या नात्याचा मुख्य पुरावा म्हणजे मुलीचा जन्मदाखला. गावातला भाऊ हाताने लिहिलेल्या दाखल्याचा फोटो पाठवतो. फोटो तिरका आहे, गोल शिक्क्याची डावी बाजू कापली गेली आहे, मागची बाजू आलेलीच नाही.

भाषांतरकाराची पहिली अडचण जन्मतारखेची. घाईच्या अक्षरात १ आणि ९ एकसारखे दिसतात, त्यामुळे तारीख ११ सप्टेंबर की १९ सप्टेंबर हे कळत नाही. नोंदणीचा दिनांक १५ सप्टेंबर असा स्वच्छ लिहिलेला आहे. नोंद जन्माआधी होणार नाही, तेव्हा तारीख ११च असणार. एवढा मेळ जुळला तरी उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा दोन्ही बाजूंचा नवा फोटो मागवावा, कारण अंदाजाखाली अचूकतेची ग्वाही देता येत नाही. भाषांतरात महिना अक्षरांत लिहावा. अमेरिकेत तारखेआधी महिना येतो, त्यामुळे ११/९ ही नऊ नोव्हेंबर वाचली जाईल.

शिक्क्यातील मजकूर, सही, कोपऱ्यातला शेरा, मागची नोंद हे सगळे संपूर्ण भाषांतरात मोडते. शिक्क्याचा वाचता येणारा भाग लिहावा आणि उरलेल्या जागी ‘अवाचनीय’ असे कंसात नमूद करावे. मुलीचे नाव ज्ञानदा असेल, तर पासपोर्टवर जे रोमन स्पेलिंग आहे तेच भाषांतरात ठेवावे. पण दाखल्यावर आईचे नाव वत्सला आणि पासपोर्टवर वत्सलाबाई असेल, तर भाषांतरात वत्सलाच राहते. हा भेद स्पेलिंगचा नाही, कागदातला आहे, आणि त्याचा खुलासा अर्जदाराने वेगळ्या पुराव्याने करायचा असतो.

सर्वांत नाजूक जागा रिकाम्या रकान्याची. बारशाआधीच जन्माची नोंद झाल्यामुळे कित्येक जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. घरातला माणूस मायेने तिथे नाव लिहून टाकतो, कारण त्याला ते ठाऊक असते. प्रमाणित भाषांतरात तसे केले, तर सहीनिशी खोटे विधान होते. तिथे ‘रकाना कोरा’ एवढेच लिहिता येते. असा दाखला मुलीची ओळख पुरती पटवत नाही. यावरचा इलाज भाषांतरात नाही, जन्म-मृत्यू निबंधकाकडे आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये नाव मागाहून नोंदवण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी निबंधकाकडे अर्ज करून नाव नोंदता येते का ते पाहावे. नाव नोंदले गेले की दाखला नव्याने काढावा. हल्ली मिळणारे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी असे दुभाषी असतात. त्यावरचा शिक्का आणि शेरेही इंग्रजीत असतील, तर भाषांतराची गरजच पडत नाही. एखादी ओळ केवळ मराठीत राहिली असेल, तर तेवढ्यासाठीही प्रमाणित भाषांतर जोडावे लागते.

अर्जासोबत सुवाच्य प्रत आणि भाषांतर जाते. मूळ दाखला आईच्या मुलाखतीच्या वेळी दाखवावा लागतो, म्हणून फोटो पाठवून झाल्यावर भावाने तो गावातल्या कपाटात न ठेवता आईच्या फाइलमध्ये लावावा.